सिक्युरिटी की, स्पेअर किल्ली आणि हरवली तर काय: नाशिककरांकडून वारंवार येणारे प्रश्न

नाशिकमधले द्राक्ष निर्यातदार, सीए आणि सातपूर-अंबडचे छोटे कारखानदार यांच्या कार्यालयांत मी ईमेल आणि इतर खात्यांची सुरक्षा बसवून देतो. हार्डवेअर सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिनच्या वेळी लॅपटॉपला किंवा फोनला लावायची पेनड्राइव्हसारखी छोटी किल्ली, दिली की पुढचे काही महिने व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात. त्यातले बहुतेक दुसऱ्या किल्लीबद्दल असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः गुगल खात्याची आहेत, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे मेलही शेवटी तिथेच येतात. पडद्यावरची बटणं अधूनमधून जागा बदलतात, पण कामाचा क्रम तोच राहतो.

१. मोबाईलवर ओटीपी येतोच की. मग ही किल्ली वेगळं काय करते?

ओटीपी ज्याच्या हातात पडेल त्याला वापरता येतो. ‘कंटेनरची कागदपत्रं पाहा’ असा मेल येतो, लिंकवर गुगलच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान उघडतं. तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी टाकता आणि पलीकडचा माणूस तेच दोन्ही त्याच मिनिटात खऱ्या गुगलवर टाकून आत शिरतो. आत गेल्यावर तो गडबड करत नाही. शांतपणे मेल वाचत राहतो, आणि बिलाची वेळ आली की परदेशातल्या खरेदीदाराला तुमच्याच पत्त्यावरून ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं कळवतो.

किल्लीच्या बाबतीत असं टाइप करून देण्यासारखं काही नसतंच. नोंदणीच्या वेळी किल्ली त्या साइटसाठी एक जोडी तयार करते. खाजगी भाग चिपबाहेर पडत नाही, सार्वजनिक भाग साइटकडे जातो. लॉगिनच्या वेळी साइट एक यादृच्छिक आकडा पाठवते, ब्राउझर त्याला खरोखर उघडलेल्या साइटचा पत्ता जोडतो आणि तुम्ही स्पर्श केलात की किल्ली त्यावर सही करते. पत्ता खोटा असेल तर त्या पत्त्याची जोडीच किल्लीकडे नसते, त्यामुळे सही होत नाही. पत्त्यातलं एखादं अक्षर तुमच्या नजरेतून सुटलं तरी चालतं, कारण जुळवणी ब्राउझर आणि किल्ली करतात.

२. आमच्याकडे डीएससीचं टोकन आहे. तेच चालणार नाही का?

नाही. जीएसटी, एमसीए किंवा टेंडरसाठी वापरतो त्या टोकनमध्ये तुमच्या नावाचं प्रमाणपत्र असतं आणि त्याने कागदपत्रावर सही होते. सिक्युरिटी की फिडो या वेगळ्या मानकावर चालते. तिच्यात तुमचं नाव नसतं, तिला मुदत नसते आणि वेगळा ड्रायव्हरही टाकावा लागत नाही. दोन्ही पेनड्राइव्हसारखी दिसतात म्हणून सीएंच्या कार्यालयात हा गोंधळ हमखास होतो. हरवल्यावर करायचं कामही वेगळं आहे. डीएससी हरवली तर प्रमाणपत्र रद्द करून नवीन घ्यावं लागतं. सिक्युरिटी की हरवली तर ती प्रत्येक खात्यातून तुम्हीच काढून टाकायची असते (प्रश्न १० पाहा).

३. बँकेच्या लॉगिनला आणि यूपीआयला लावता येईल का?

आपल्याकडच्या बँका बहुतांशी ओटीपी आणि स्वतःच्या ॲपवरच चालतात, आणि यूपीआयलाही ही किल्ली लावता येत नाही. किल्लीचा उपयोग गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल, फेसबुक, गिटहब अशा खात्यांना आहे. डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीच्या खात्यालाही लावता येते का, ते जरूर पाहा.

४. दोन कशाला घ्यायच्या? एकीचीच डुप्लिकेट काढता येत नाही का?

काढता येत नाही, आणि ते मुद्दामच तसं केलेलं आहे. खाजगी भाग चिपमधून बाहेर काढण्याची सोयच ठेवलेली नाही. ती असती तर दहा मिनिटांसाठी किल्ली हातात आलेल्या कुणालाही नक्कल करता आली असती. त्यामुळे ‘स्पेअर’ म्हणजे पूर्णपणे स्वतंत्र दुसरी किल्ली. पहिलीला जी खाती माहीत आहेत त्यातलं एकही तिला माहीत नसतं. प्रत्येक खात्यात जाऊन तिचीही वेगळी नोंद करावी लागते.

नुसती विकत घेऊन कपाटात ठेवलेली किल्ली स्पेअर नव्हे. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, तरी पाकीट न फोडलेल्या ‘स्पेअर’ मला अजून भेटतात. ॲपलने तर हा नियमच केला आहे: २०२३ मध्ये आयओएस १६.३ पासून ही सोय आली तेव्हापासून किमान दोन किल्ल्या जोडल्याशिवाय ती चालूच होत नाही. गुगल एकीवर अडवत नाही, म्हणून तिथे आपणच अडून बसायचं.

घेताना खोक्यावर फिडो२ लिहिलेलं पाहा आणि आपल्या लॅपटॉपला व फोनला कोणतं पोर्ट आहे ते तपासा. युबिको आणि फेइतियान या कंपन्यांच्या किल्ल्या नेहमी दिसतात. युबिकोची ‘सिक्युरिटी की’ नावाची स्वस्त मालिका या कामाला पुरते, महागडी लागतेच असं नाही. ती अस्सल आहे का ते yubico.com/genuine वर किल्ली लावून तपासता येतं.

५. स्पेअर नोंदवायची कशी? नेमक्या पायऱ्या सांगा.

दोन्ही किल्ल्या समोर घेऊन एकाच बैठकीत करा. आधी एकीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, कारण दोन्ही हुबेहूब सारख्या असतात आणि तिसऱ्या खात्यापर्यंत कोणती कोणती ते कळेनासं होतं.

लॅपटॉपवर myaccount.google.com उघडा आणि सुरक्षेच्या भागातून 2-Step Verification मध्ये जा. तिथे Passkeys and security keys अशी ओळ आहे. गुगल पुन्हा पासवर्ड विचारेल. किल्ली जोडण्याचा पर्याय निवडा, पहिली किल्ली लावा, ती लुकलुकायला लागली की तिच्यावरच्या धातूला बोट टेकवा. यादीत नोंद आली की लगेच नाव बदला: ‘रोजची, ठिपका नाही’. आता ती काढा, ठिपक्याची लावा, तेच पुन्हा करा आणि नाव द्या ‘घरची, ठिपका’. ही नावं हरवण्याच्या दिवशी कामाला येतात. दोन सारख्या नावांतून हरवलेली ओळखताना चुकून हातातली किल्ली काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

चुकून पहिलीच किल्ली पुन्हा लावलीत तर ‘ही आधीच नोंदलेली आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. घाबरू नका, किल्ली बदला. मग पुढचं खातं. खाती संपेपर्यंत एका कागदावर यादी करा: खात्याचं नाव, रोजची नोंदली, घरची नोंदली. हा कागद पुढे प्रश्न ७ मध्ये लागणार आहे.

६. स्पेअर नीट नोंदली गेली हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नोंदणी सुरू केली की विंडोज किंवा क्रोम आधी विचारतं, पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी लॉगिनची नोंद, या लॅपटॉपवर ठेवू का, फोनवर ठेवू का. घाईत ‘हो’ म्हटलं, बोटाचा ठसा दिला, यादीत नवीन नोंद दिसली, आणि आपल्याला वाटतं स्पेअर झाली. प्रत्यक्षात पासकी लॅपटॉपमध्ये बसलेली असते आणि यूएसबीत लावलेल्या किल्लीचा त्यात काहीच संबंध आलेला नसतो. खूण सोपी आहे: किल्ली लुकलुकली नाही आणि तुम्ही तिला बोट लावलं नाही, तर ती नोंदली गेली नाही. अशा वेळी त्या खिडकीतला दुसरा पर्याय उघडून Security key निवडा.

खात्री करायची तर रोजची किल्ली दुसऱ्या खोलीत ठेवा. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि फक्त स्पेअर वापरून लॉगिन करा. आत गेलात तर काम झालं. हे प्रत्येक खात्यासाठी करा.

७. स्पेअर ठेवायची कुठे? बँकेच्या लॉकरमध्ये?

यात खरी ओढाताण आहे. स्पेअर रोजच्या किल्लीपासून जितकी लांब तितकी सुरक्षित, कारण एकच बॅग गेली तर दोन्ही जाऊ नयेत. पण स्पेअरची नक्कल होत नसल्यामुळे प्रत्येक नवीन खात्यासाठी ती पुन्हा हातात लागते. लॉकरमधली किल्ली वर्षभर तिथेच राहते, तेवढ्यात तुम्ही चार नवी खाती उघडता आणि त्यातलं एकही तिला माहीत नसतं. शिवाय रविवारी रात्री किल्ली हरवली तर लॉकर उघडायला सोमवार उजाडावा लागतो.

माझं मत स्पष्ट आहे: रोजची किल्ली सोबत, स्पेअर घरातल्या कपाटात. रोज जिथे बसता तिथल्या ड्रॉवरमध्ये मात्र ठेवू नका. लॉकर हवाच असेल तर तिसरी किल्ली घ्या. प्रश्न ५ मधला कागद स्पेअरसोबत ठेवा आणि बाहेर असताना नवीन खातं जोडलंत की ‘घरची’चा रकाना रिकामा सोडून ते फोनमध्ये टिपून ठेवा. घरी आल्यावर तो रकाना भरायचा. या कागदावर पासवर्ड लिहू नका.

८. विंडोज किल्लीचा पिन मागतं. तो विसरलो तर?

हा पिन किल्लीचा असतो, खात्याचा नाही. तो किल्लीतच तपासला जातो, कुठल्याही सर्व्हरकडे जात नाही. पासवर्डनंतरच्या नुसत्या दुसऱ्या टप्प्यासाठी बऱ्याच साइट स्पर्शावर भागवतात, पण किल्लीत पासकी साठवली असेल तर पिन लागतो. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यात किल्ली याच पद्धतीने चालते.

लागोपाठ ३ वेळा चुकला की किल्ली काढून पुन्हा लावावी लागते. एकूण ८ वेळा चुकला की पिन कायमचा बंद. मग किल्ली रीसेट करणं हाच मार्ग, आणि रीसेटमध्ये तिच्यातल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात, साध्या दुसऱ्या टप्प्याच्या नोंदीसुद्धा. दुसऱ्या किल्लीने प्रत्येक खात्यात शिरून तिची जुनी नोंद काढायची आणि नव्याने नोंदवायची.

विसरला जातो तो बहुधा स्पेअरचा पिन, कारण ती वर्षातून एकदा बाहेर निघते. म्हणून दोन्ही किल्ल्यांना एकच पिन ठेवायला माझी हरकत नाही. पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, पण हा पिन किल्ली हातात असल्याशिवाय कुणाच्या कामाचा नाही.

९. दोन किल्ल्या असताना बॅकअप कोड कशाला?

प्रवासात किल्ली गेली आणि स्पेअर नाशिकला घरी असली तर त्या दिवसाची सोय म्हणून. गुगल ८ आकडी १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो आणि नवीन संच काढला की जुना रद्द होतो. कागदावर छापा. ईमेलमध्ये ठेवलेले कोड ईमेलच उघडत नसेल तेव्हा मिळत नाहीत. कोड छापून झाल्यावरच एसएमएसचा पर्याय दुसऱ्या टप्प्यातून काढा. तो चालू राहिला तर प्रश्न १ मधला माणूस ‘दुसऱ्या मार्गाने’ म्हणत ओटीपीच मागवेल, आणि किल्ली लावून काही फरक पडणार नाही.

१०. किल्ली हरवली! आता पहिल्यांदा काय करू?

पहिली गोष्ट: फोन आणि लॅपटॉपवर जिथे लॉगिन आहे ते चालू राहू द्या. घाबरून सगळीकडून लॉगआउट करू नका. किल्ली हरवल्याने चालू लॉगिन तुटत नाहीत आणि ते तुमच्या उपयोगाचे आहेत.

एका निर्यातदाराचं उदाहरण घ्या. दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून ते पंचवटीतल्या मार्केट यार्डात आले, तेव्हा बॅगेच्या चेनला अडकवलेली किल्ली जागेवर नव्हती. बॅग, लॅपटॉप, फोन सगळं होतं. संध्याकाळपर्यंत ते फोनवरूनच मेल पाहत राहिले, कारण तिथे लॉगिन होतंच. घरी गेल्यावर कपाटातली ठिपक्याची किल्ली आणि कागद काढला. आधी स्पेअरने गुगलमध्ये नवीन लॉगिन करून पाहिलं, ते झालं. मग किल्ल्यांच्या यादीत ‘रोजची, ठिपका नाही’ ही नोंद काढली. तिच्यासमोर शेवटच्या वापराची तारीख दिसते, ती सकाळचीच होती, म्हणजे नंतर कुणी वापरली नव्हती. हाच क्रम फेसबुकला आणि मायक्रोसॉफ्टला. क्रम महत्त्वाचा आहे: स्पेअर चालते हे आधी पाहायचं, हरवलेली नंतर काढायची.

अडलं ते डोमेनच्या खात्याशी. ते खातं दिवाळीनंतर उघडलेलं होतं, कागदावर ‘घरची’चा रकाना रिकामा होता. स्पेअर लावली तर पडद्यावर ‘ही किल्ली ओळखीची नाही’ एवढंच. तिथे त्या कंपनीचा छापून ठेवलेला रिकव्हरी कोड वापरून आत गेले, स्पेअर नोंदवली, हरवलेली काढली आणि कोडचा नवा संच छापला.

नवीन किल्ली येईपर्यंत स्पेअर हीच एकमेव किल्ली असते. त्या दिवसांत ती घरीच ठेवावी आणि बाहेर फोनवरच्या चालू लॉगिनवर भागवावं. नवीन आली की पुन्हा प्रश्न ५.

११. सापडणाऱ्याला माझ्या खात्यात शिरता येईल का?

नुसत्या किल्लीवर नाही. दुसरा टप्पा म्हणून नोंदलेल्या किल्लीत ती कुणाची आणि कोणत्या खात्याची हे वाचण्यासारखं लिहिलेलं नसतं, शिवाय पासवर्ड लागतोच. किल्लीत पासकी असेल तर खात्याचं नाव आत साठवलेलं असतं, पण मध्ये पिन आणि त्याचे ८ प्रयत्न उभे आहेत. म्हणून १२३४ किंवा गाडीचा नंबर हा पिन ठेवू नका.

धोका वाढतो तो किल्ली, लॅपटॉप आणि त्यावर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी एकाच बॅगेत गेली तर. तेव्हा आधी पासवर्ड बदला, हरवलेल्या लॅपटॉपचं लॉगिन खात्याच्या उपकरणांच्या यादीतून काढा, आणि मग प्रश्न १०.

१२. हरवलेली किल्ली महिन्याने गाडीच्या सीटखाली सापडली. वापरू का?

वापरा, पण आधी रीसेट करून नव्याने नोंदवा. विंडोजमध्ये Settings, Accounts, Sign-in options, Security Key या वाटेने रीसेट होतं. किल्ली काढून पुन्हा लावायला सांगतं आणि लावल्यावर लगेच, काही सेकंदांत, स्पर्श करावा लागतो. उशीर झाला तर नकार येतो.

१३. स्पेअर नोंदवलीच नव्हती, कोडही नाहीत. आता?

ज्या फोनवर किंवा लॅपटॉपवर अजून लॉगिन आहे त्याच उपकरणावरून, घरच्या किंवा कार्यालयाच्या नेहमीच्या वायफायवर बसून गुगलची खाते-परत-मिळवण्याची प्रक्रिया सुरू करा. ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा याला तिथे वजन आहे. पडताळणीला काही दिवस लागू शकतात. ‘कुणीतरी ओळखीचा आहे, करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, असा मार्ग नसतो.

सगळ्याच कंपन्या इतकी संधी देत नाहीत. ॲपलमध्ये सगळ्या किल्ल्या आणि सगळी विश्वासू उपकरणं गेली तर खातं कायमचं बंद होऊ शकतं.

१४. फोनला किल्ली टेकवते, पण काहीच होत नाही.

जाड किंवा धातूचं कव्हर काढा. आयफोनमध्ये ॲन्टेना वरच्या कडेला असतो, अँड्रॉइडमध्ये बहुधा पाठीमागे मध्यावर. टेकवून क्षणभर स्थिर धरा. तरी नाही झालं तर यूएसबी-सीने लावा.

१५. एक्सेलमध्ये मधेच cccccc ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं उमटतात. व्हायरस आहे का?

नाही. युबिकोच्या युबिकी ५ मालिकेच्या किल्लीला चुकून बोट लागलं की ती कीबोर्डसारखी ४४ अक्षरं टाइप करते. तो तिचा जुन्या पद्धतीचा कोड आहे. तुम्हाला लागत नसेल तर युबिकोच्या ॲपमधून ती सोय बंद करता येते. फिडोच्या नोंदींना त्याने धक्का लागत नाही.

१६. आम्ही दोघं भाऊ. दोघांत मिळून एक स्पेअर चालेल का?

चालेल. प्रत्येक खात्यासाठी जोडी वेगळी बनत असल्यामुळे एका किल्लीवर कितीही जणांची खाती दुसरा टप्पा म्हणून नोंदवता येतात आणि ती एकमेकांना दिसत नाहीत. मर्यादा येते ती पासकी किल्लीत साठवली तर. युबिकी ५ च्या जुन्या आवृत्तीत २५ जागा आहेत, आतल्या सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीपासून १००. पिन मात्र दोघांना सामायिक होतो, आणि एकाने ८ वेळा चुकवला तर दोघांची स्पेअर जाते.

१७. एखादी साइट एकच किल्ली नोंदवू देते. मग?

तिथे किल्लीसोबत ऑथेंटिकेटर ॲप जोडा आणि जोडताना दिसणारा क्यूआर कोड छापून घरी ठेवा. तो कागद पुन्हा स्कॅन करून नवीन फोनवर तेच कोड मिळतात. प्रश्न १ मधला बनावट पानाचा धोका मात्र तिथे शिल्लक राहतो.

१८. कार्यालयाचं गुगल वर्कस्पेस आहे. कर्मचाऱ्याची किल्ली हरवली तर?

ॲडमिनने कन्सोलमध्ये त्या कर्मचाऱ्याच्या नावावर जाऊन बॅकअप कोड काढून द्यायचे. समोर बोलावून किंवा ओळखीच्या नंबरवर स्वतः फोन करून द्या. ‘मीच बोलतोय, किल्ली हरवली’ असा नुसता मेसेज पुरेसा धरू नका.

अडचण होते ती ॲडमिनचीच किल्ली हरवल्यावर. म्हणून सुपर ॲडमिन दोन ठेवा आणि दोघांकडे स्वतंत्र किल्ल्या द्या. दोघंही अडकले तर डोमेन तुमचंच आहे हे सिद्ध करायला गुगल डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, एक नोंद टाकायला सांगतं. त्यासाठी डोमेनच्या खात्यात शिरता आलं पाहिजे, आणि ते खातं नेमकं त्याच बंद पडलेल्या ईमेलवर काढलेलं असेल तर दोन्ही दारं एकदम लागतात. डोमेनचं खातं वेगळ्या ईमेलवर ठेवा आणि त्यालाही दोन्ही किल्ल्या नोंदवा.